एका सेकंदात चार

दिगंबर खळदकरांना आमच्या कॉलेजात कोणी साहेब म्हटलं नाही आणि त्यांनीही तशी अपेक्षा कधी ठेवली नाही. मुलं काका म्हणतात, आम्ही शिक्षक खळदकर म्हणतो आणि विभागप्रमुख राजहंस सर नुसतं "अहो" म्हणतात. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत त्यांना एकतीस वर्षं झाली. शिपाई म्हणून लागले, मग हमाल, मग परिचर, आणि आता प्रयोगशाळा सहायक. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर जूनला माझी नोकरी नव्याने सुरू होते, किंवा होत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याला दुसरं काहीही कारण नाही.

खळदकर बारावी सायन्स नापास. पण फिजिक्स त्यांना आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त कळतं, आणि हे मी त्यांची थोरवी गाण्यासाठी सांगत नाहीये. धायरीहून सकाळी बसने येतात, चप्पल दाराशी काढतात आणि आधी सगळ्या टेबलांवरून ओलं फडकं फिरवतात. बिघडलेलं यंत्र कंपनीकडे पाठवायचं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग स्वतःच बुधवार पेठेत जाऊन चाळीस दुकानं पालथी घालतात आणि हवा तोच सुटा भाग घेऊन येतात. बायको इंदुबाई एकदा मला म्हणाल्या, घरचा मिक्सर दोन वर्षं बंद आहे, तो कॉलेजात आणून ठेवला तर दुरुस्त होईल का विचारा. इतकं खळदकरांचं घराकडे लक्ष.

तर त्या प्रयोगाचं सांगते. दोन आवाज जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की एकत्र वाजवताना ते मिळून फुगतात आणि बसतात. वाँव, वाँव, वाँव. याला पुस्तकात विस्पंद म्हणतात, मुलं बीट्स म्हणतात. एक आवाज सेकंदाला पाचशे कंपनांचा आणि दुसरा पाचशे चार, तर सेकंदात चार वेळा फुगतो. जितका फरक तितके विस्पंद, हिशेब संपला. आमच्याकडे एका टेबलावर आकडा लावू तेवढ्या कंपनांचा आवाज काढणारा जनरेटर असतो, तो पाचशेला लावायचा. शेजारी एक बंद खोकं, त्यातून कुठला आवाज निघतो हे मुलांना माहीत नसतं. दोन्ही ऑसिलोस्कोपला, म्हणजे आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला जोडायचे, पडद्यावरचं चित्र थांबवायचं, फुगवटे मोजायचे आणि खोक्याची वारंवारता, म्हणजे सेकंदाला कंपनं किती, ते काढायचं.

पूर्वी हा प्रयोग ट्यूनिंग फोर्कवर कानानेच व्हायचा. बारा वर्षांपूर्वी ऑसिलोस्कोप आला तेव्हा राजहंस सरांनी खळदकरांना प्रमाण फाइल करायला सांगितली. प्रमाण फाइल म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं नमुना वाचन आणि यायला हवं ते उत्तर. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक त्यावरूनच तपासतात. खळदकरांनी सुबक आकृती काढली, वाचन घेतलं, गणित केलं, उत्तर लिहिलं: विस्पंद सेकंदाला दोन, अज्ञात वारंवारता पाचशे दोन. सरांनी सही केली. त्याच वर्षी शेजारच्या वर्गात गणिताच्या बाईंना आवाजाचा त्रास होतो म्हणून हे आवाज ऐकवणारा स्पीकर काढून कपाटात ठेवला गेला. तेव्हापासून मुलं तो प्रयोग नुसता बघून करायची. बघून म्हणजे आधीच्या वर्षाची जर्नल बघून, हे वेगळं सांगायला नको.

नम्रता धुर्वे या गोष्टीत आली ती गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. वाशीमकडची मुलगी, हडपसरला मामाकडे राहायची. मामा सुदर्शन तिथे कारखान्यात फिटर. बी.एस्सी.चं सगळं झालेलं, फक्त दुसऱ्या वर्षाचं हे एक प्रॅक्टिकल अडकलं होतं. त्या परीक्षेच्या वेळी तिला डेंग्यू झाला होता आणि पुढच्या खेपेला फॉर्म भरायची तारीख हुकली. आता विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला होता आणि जुन्या पॅटर्नची ही शेवटची परीक्षा होती. यात पास झाली तर डिग्री हातात आणि बी.एड.ची जागा पक्की. नापास झाली तर दुसऱ्या वर्षाचं सगळं नव्या पॅटर्नने परत. मामाच्या दोन खोल्यांत आणखी दोन वर्षं राहणं होणार नव्हतं, ते तिने न सांगताच कळत होतं.

बॅकलॉगच्या मुलांना तास नसतात. त्यांनी थेट परीक्षेला यायचं आणि आपापल्या नशिबाने जायचं. ही आली ती खळदकरांकडे. दाराशी उभी राहून म्हणाली की तिला ऑसिलोस्कोपला हात लावायलाही भीती वाटते. खळदकरांनी तिला रोज दुपारी तीन ते पाच यायला सांगितलं. मी त्याच वेळी शेजारच्या टेबलावर जर्नल तपासत बसायचे, त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पडद्यावरची रेघ तिला काही केल्या समजेना. एवढी नागमोडी रेघ कुठून मोजायची, कुठपर्यंत मोजायची. खळदकर चिडले नाहीत. उठले, कपाटातून तो जुना स्पीकर काढला, धूळ झटकली आणि जोडला. गणिताच्या बाई निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली होती. आवाज सुरू झाला. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि घड्याळ धरलं. दहा सेकंद. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, चाळीस. म्हणजे सेकंदाला चार.

खळदकर हसले आणि म्हणाले, घाई झाली, वीस असतील, परत मोज. तिने परत मोजलं. चाळीसच. मग त्यांनी स्वतः मोजलं. मग मला बोलावलं. मीही मोजलं आणि मला एकोणचाळीस आले, कारण मधेच मला खोकला आला.

खळदकरांनी मोबाइल काढला, आवाज रेकॉर्ड केला आणि त्याचं चित्र पडद्यावर मोठं करून फुगवटे पेन्सिलीच्या टोकाने मोजले. चाळीस. ऑसिलोस्कोपवर एक चौकट म्हणजे शंभर मिलिसेकंद, आडव्या दहा चौकटी म्हणजे एक सेकंद. त्यांनी चित्र थांबवलं. एका सेकंदात चार फुगवटे स्पष्ट दिसत होते. मग त्यांनी कपाटातून प्रमाण फाइल काढली, स्वतःच काढलेली आकृती उघडली आणि पडद्याशेजारी धरली.

चूक अशी होती. फुगवट्यांच्या कडेने एक बाह्यरेषा काढली की ती वर-खाली जाणाऱ्या लाटेसारखी दिसते. लाट म्हणजे एक डोंगर आणि एक दरी, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. खळदकरांनी त्याच हिशेबाने एक डोंगर आणि एक दरी मिळून एक विस्पंद धरला होता. पण कानाला डोंगर-दरी कळत नाही. रेघ वर फुगली काय आणि खाली फुगली काय, आवाज मोठाच होतो. फुगवटा बसून रेघ बारीक होते ती आवळलेली जागा, तिथून पुढच्या आवळलेल्या जागेपर्यंत, हाच एक विस्पंद. बारा वर्षं ते दोन विस्पंदांना एक मोजत होते, त्यांच्या मागोमाग सगळं कॉलेज मोजत होतं, आणि एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या आमच्यापैकी कोणी हूं की चूं केलं नाही. माझी पदवी त्या क्षणी मला कुठे तरी लपवाविशी वाटली, खरं सांगते.

तरी त्यांना खात्री हवी होती. त्यांनी जनरेटरचा नॉब पाचशेवरून पाचशे एक केला. फुगवटे तीन झाले. पाचशे दोन केला, दोन झाले. पाचशे तीन, एकच, संथ. पाचशे चारवर आवाज सरळ झाला, पडद्यावरची पट्टी सपाट, फुगणं नाही की बसणं नाही. म्हणजे खोक्यात पाचशे चारच होते. फाइल खरी असती तर पाचशे दोनलाच सगळं शांत व्हायला हवं होतं. नम्रता टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती. तिला पहिल्यांदाच काही तरी कळलं होतं. खळदकर मात्र टेबलाची कड धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते राजहंस सरांकडे गेले, मला बरोबर घेऊन. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, परीक्षा दहा दिवसांवर आहे, फाइल विद्यापीठाच्या समितीने पाहिलेली आहे, आता त्यात खाडाखोड दिसली तर मागच्या सगळ्या बॅचेसचं काय, याचं उत्तर कोण देणार. परीक्षा होऊ द्या, मग निवांत बघू. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम, जूनच्या नेमणुकांची यादीही करायची आहे ना. एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. फक्त स्वतःसाठी.

बाहेर आल्यावर मीच खळदकरांना म्हणाले की त्या पोरीला सांगा, परीक्षेत दोनच लिही. पास तर होऊ दे आधी. खरं-खोटं नंतर बघता येईल. परीक्षेच्या सकाळी खळदकरांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं. मी मागेच होते. नेहमी मुलांच्या तोंडाकडे बघून बोलणारा माणूस तेव्हा पायरीकडे बघत बोलत होता. प्रयोग बीट्सचा आलाच, तर फाइलीत आहे तेच लिहायचं, दोन आणि पाचशे दोन. तिने मान हलवली.

वीस मुलं होती आणि पाच प्रयोग. चिठ्ठ्या टाकल्या. चौघांना बीट्स आला, त्यात नम्रता. बाकी तिघांनी अर्ध्या तासात पाचशे दोन आणून दिलं, त्यांनी ऑसिलोस्कोपकडे बघितलंही नसावं. नम्रता मात्र टेबलाशी वाकून बसली होती. चित्र थांबवत होती, मोजत होती, परत सुरू करत होती. मी एकदा जवळून गेले तेव्हा तिच्या कागदावर दोन लिहून खोडलेलं दिसलं. मी तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही, कारण अंतर्गत परीक्षक मी होते आणि बाहेरून आलेले जगदाळे सर बघत होते.

जगदाळे सरांना दुपारी आणखी एका कॉलेजात जायचं होतं. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, एवढंच. त्यांनी नम्रताचा कागद फाइलीशेजारी धरला आणि लाल पेनाने पाचशे चारवर फुली मारली. मग फुगवट्याच्या मापावर फुली, मग गणितावर. तिला विचारलं की एक विस्पंद कुठून कुठपर्यंत धरलास. ती म्हणाली, आवळलं तिथून परत आवळलं तिथपर्यंत. सरांनी फाइलीतली आकृती दाखवली आणि म्हणाले, बाळ, ही अर्धी लाट झाली. आकृतीही मग चुकीची ठरली आणि तोंडी परीक्षेत याच एका प्रश्नावर ती अडकली. पस्तीसपैकी बारा. पासाला चौदा लागतात, आणि प्रॅक्टिकलला ग्रेस नसतो.

तेव्हा खळदकर पुढे आले. एकतीस वर्षांत परीक्षा चालू असताना परीक्षकांशी ते कधी बोलले नव्हते. सहायकाने यंत्रं लावायची, पाणी आणून ठेवायचं आणि भिंतीशी उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. हात पुसत आले आणि म्हणाले,

"सर, चूक तिची नाही. फाइल मी केली आहे, फाइल चुकली आहे. जनरेटर फक्त पाचशे दोनवर आणून बघा. फाइल खरी असेल तर फुगवटे थांबतील. एक मिनिट लागेल."

जगदाळे सरांनी माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या राहिलेल्या राजहंस सरांकडे. राजहंस सर म्हणाले की अहो, तुम्ही जरा बाहेरच्या टेबलांचं बघा. जगदाळे सर चांगल्या आवाजातच म्हणाले, तिघांचं पाचशे दोन आलंय, फाइलीत पाचशे दोन आहे, त्यावर विभागप्रमुखांची सही आहे. मी एका मुलीसाठी या सगळ्यांना खोटं ठरवू का? आणि ठरवलं, तर त्या तिघांना आत्ता नापास करू का?

नॉब त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता. माझ्याही हातापासून तेवढाच लांब होता. मी तो फिरवला असता तर एका मिनिटात सगळं उघड झालं असतं. मला राजहंस सर दिसत होते, जून दिसत होता, घरी माझी ओवी पाचवीत गेली होती. मी गुणपत्रक पुढे ओढलं आणि सही केली. माझ्या सहीखाली जगदाळे सरांनी केली. खळदकर तोवर बाहेर जाऊन टेबलं पुसायला लागले होते. पुसलेलीच टेबलं परत पुसत होते.

नम्रता निघताना त्यांच्याकडे गेली. मला वाटलं रडेल, पण नाही रडली. म्हणाली,

"काका, तुम्ही म्हणलं तसं दोन लिहायला घेतलं होतं. पण मोजलं तर चारच येऊन राहिले होते. मी तीनदा मोजलं."

 खळदकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचंच विसरले. शेवटी तीच बाजूला झाली.

पुढचे दोन महिने त्यांनी जे केलं ते बघवत नव्हतं. अर्ज लिहून आणायचे, मी तपासून द्यायचे. एवढं करायला मला कोणाची भीती नव्हती, बघा. विद्यापीठात एका खिडकीने सांगितलं की पेपरची फेरतपासणी होते, प्रॅक्टिकलची होत नाही. दुसऱ्या खिडकीने सांगितलं की अर्ज विद्यार्थ्याने करायचा असतो, आपण कोण. नम्रताचा अर्ज नेला तर म्हणाले, विभागप्रमुखांचं पत्र लागेल. राजहंस सर पत्र लिहून देणार नव्हते, आणि खळदकरांनी ते मागितलं तीन वेळा. मग ते मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घेऊन परत विद्यापीठात गेले. खिडकीतल्या बाबूला म्हणाले, साहेब, दहा सेकंद ऐका, चाळीस येतात की नाही ते तुम्हीच मोजा. त्या बाबूने खरंच कानाशी धरून ऐकलं. मग फोन परत देत म्हणाला की काका, आमच्या सोसायटीचा पंप असाच वाजतो, आणि आवाज काही अर्जाला जोडता येत नाही. हे खळदकरांनी मला सांगितलं तेव्हा ते हसायचा प्रयत्न करत होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

बी.एड.ची जागा त्या ऑगस्टमध्ये गेली. नम्रता आता हडपसरलाच एका औषधांच्या गोदामात आहे, खोक्यांवर लेबलं लावते. खळदकर अधूनमधून फोन करतात. ती नीट बोलते, तब्येत विचारते, काकूंचा मिक्सर झाला का विचारते. नव्या पॅटर्नला परत बसशील का, असं त्यांनी एकदा विचारलं तर म्हणाली, बघू काका. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

या जूनमध्येही माझी नेमणूक झाली. पहिल्याच आठवड्यात राजहंस सरांनी मला बोलावून सांगितलं की आता नवा पॅटर्न आहे, सगळ्या प्रमाण फाइली नव्याने करायच्या आहेत, बीट्सचंही ते काय ते नीट करून घ्या. मॅडम, तुमच्याच सहीने करा, मी बघत बसणार नाही. खळदकरांनी दोन दिवसांत ते पान केलं. नवी आकृती, आवळलेल्या जागेपासून आवळलेल्या जागेपर्यंत बाण, विस्पंद सेकंदाला चार, अज्ञात वारंवारता पाचशे चार. खाली बारीक अक्षरात, नॉब फिरवून पडताळा कसा घ्यायचा तेही लिहिलं होतं. अक्षर नेहमीसारखं सुंदर.

ते फाइल घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी पान वाचलं, पेन काढलं आणि खाली सही केली. तारीख घातली. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील. खळदकरांनी शाई वाळायची वाट बघितली, माझ्या सहीकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"एवढीच सही लागत होती होय, मॅडम?"